गुरू सप्तमात, अंतर्दशा शनीची: लग्न 2026 की 2027?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीच्या पत्रिकेबद्दल विचारायचं आहे. जन्म ऑक्टोबर 1997, सातारा, सकाळी 11.25. तारीख मुद्दाम देत नाही, तिला कळलं तर माझं काही खरं नाही.

धनु लग्न, मेष रास, भरणीचं पहिलं चरण. चंद्र पंचमात, बुध लाभात तुळेचा, शुक्र-मंगळ व्ययात वृश्चिकेचे, गुरू द्वितीयात मकरेचा, शनी चतुर्थात मीनेचा, राहू भाग्यात. जन्मतः शुक्राची महादशा साडेसतरा वर्षं शिल्लक होती. एप्रिल 2021 पासून चंद्राची महादशा आहे. त्यात जुलै 2025 ते फेब्रुवारी 2027 शनी आणि तिथून जुलै 2028 पर्यंत बुध.

आमच्या घरच्या गुरुजींनी 2024 मध्येच सांगितलं होतं की 2025 च्या मेपर्यंत होईल. एक स्थळ याद्यांपर्यंत आलं आणि फिसकटलं. आता ते म्हणतात, गुरू सप्तमात आलाय, हा मे चुकवू नका. पुण्यातले दुसरे एक जण म्हणतात, 2027 च्या उत्तरार्धापर्यंत थांबा, उगाच घाई करू नका.

पत्रिका एक, आकाशातला गुरूही एकच. मग दीड वर्षाचा फरक कुठून येतो? शांत, उपाय वगैरे कृपया सांगू नका. हा हिशोब कसा करतात तेवढंच समजून घ्यायचं आहे.

नीलाक्का

अरे, गुरू 14 मे 2025 लाच मिथुनेत आला की. धनु लग्नाला मिथुन म्हणजे सप्तम. गुरू सप्तमात आला की लग्न होतंच, आमच्या घरातली सगळी तशीच झाली. 2 जून 2026 ला तो कर्केत जाईल, म्हणजे अष्टमात. त्याआधी उरकून घ्या.

आणि मंगळ व्ययात आहे, म्हणजे मुलीला मंगळ आहे. ते बघितलंत ना?

खवचट_खेकडा

उपाय सांगू नका म्हटल्यावर मंगळ आला. पहिल्याच प्रतिसादात! माझी पैज चौथ्यावर होती.

सातारी_कंदी

नीलाक्का, मंगळ स्वराशीचा आहे म्हणून दोघांनीही सोडून दिला. प्रश्न कधीचा आहे, कोणाशीचा नाही.

सबलॉर्ड

उत्तर सोपं आहे. कृष्णमूर्ती पद्धतीत दोन, सात आणि अकरा ही स्थानं बघायची. शनी या मुलीचा द्वितीयेश. तो मीनेत कितव्या अंशावर आहे ते तुम्ही दिलेलं नाही, पण ऑक्टोबर 1997 म्हणजे साधारण 23 अंश, रेवती नक्षत्र. रेवतीचा स्वामी बुध. बुध सप्तमेश आणि बसलाय लाभात. म्हणजे शनी बुधाची फळं देणार आणि दोन, सात, अकरा तिन्ही लागतात. लोक शनी बघून घाबरतात, इथे तोच लग्न लावणार आहे.

आता प्रत्यंतर बघा. शनीच्या अंतर्दशेत शुक्राचं प्रत्यंतर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत आहे. गुरू मिथुनेत, म्हणजे सप्तमात. तिथून पाचवी दृष्टी तुळेवर, थेट सप्तमेश बुधावर, आणि सातवी लग्नावर. चंद्र-शनी-शुक्र, मे 2026 च्या आत. लिहून ठेवा.

मधुरा_टोरांटो

माझा अनुभव सांगते. माझं लग्न झालं तेव्हा गुरू अष्टमात होता आणि अंतर्दशा अशा ग्रहाची, ज्याचा सप्तमाशी काही संबंध नव्हता. सगळे म्हणायचे, अशक्य. नंतर कळलं की मूळ पत्रिकाच चुकीची होती! माझा जन्म इकडचा, जून महिन्यातला. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात. बाबांनी दाखल्यावरची वेळ तशीच भारतात पाठवली, कोणी तो तास वजा केला नाही. चंद्र शनीच्या नक्षत्रात असल्यामुळे तेवढ्याने दशा साडेनऊ महिन्यांनी सरकली होती आणि लग्नही बदललं होतं. लग्न म्हणजे लग्नरास हो, नवरा तोच आहे.

खवचट_खेकडा

नवरा तोच आहे हे नोंदवून ठेवल्याबद्दल आभार. तो हा धागा वाचत असणार.

शंकासुर

सबलॉर्ड यांनी शनी बसवला. उद्या दुसरा कोणी राहू बसवेल, कारण म्हणे राहूही लग्नं लावतो. मी साधा हिशोब केला. चंद्र महादशेत दहा वर्षं म्हणजे 120 महिने, त्यामुळे ज्या ग्रहाची जेवढी वर्षं तेवढे महिने त्याची अंतर्दशा. राहू 18, गुरू 16, शनी 19, बुध 17, शुक्र 20. या पाचांपैकी प्रत्येकाला लग्न लावायचा परवाना कुठल्या ना कुठल्या नियमाने मिळतो. झाले 90 महिने. दहा वर्षांतली साडेसात वर्षं 'विवाहयोग'!

असा बाण कुठेही मारला तरी लागणारच. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चाचणी घेतली होती, आठवतं का? हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका न सांगता ज्योतिषांना दिल्या. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 आली असती.

सबलॉर्ड

ती चाचणी बुद्धिमत्तेची होती, लग्नकाळाची नव्हे. विषय काय, आपण बोलताय काय?

घटिकापळे

शंकासुरांना टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्यांचा 90 महिन्यांचा हिशोब बरोबर आहे. त्याला जोडून गुरूचाही करू, म्हणजे नीलाक्कांच्या 'होतंच'चं काय होतं ते दिसेल.

धनु लग्नाच्या सप्तमाशी, म्हणजे मिथुनेशी, गुरूचा संबंध तो मिथुन, तूळ, धनू किंवा कुंभ राशीत असताना येतो. सप्तमेश बुध तुळेत, त्याच्याशी संबंध मेष, मिथुन, तूळ आणि कुंभेतून. आणि मेष राशीला गुरुबळ बघायचं तर चंद्रापासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा गुरू, म्हणजे वृषभ, सिंह, तूळ, धनू, कुंभ. या सगळ्या एकत्र केल्या तर बारापैकी सात राशी झाल्या. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, म्हणजे बारा वर्षांतली सात वर्षं 'गुरू अनुकूल' म्हणता येतं. घरात सगळ्यांची लग्नं गुरू अनुकूल असतानाच झाली याचं नवल मग उरत नाही, नीलाक्का.

म्हणूनच नुसत्या गोचराने काळ सांगायचा नसतो. आधी दशा, मग अंतर्दशा, आणि अंतर्दशेने जो दीड-दोन वर्षांचा तुकडा दिला त्याच्या आत गुरू कधी हात लावतो ते बघायचं. जुने लोक शनीचंही गोचर बघत. के. एन. राव यांनी गुरू आणि शनी दोघांच्या एकत्र गोचराचा फार पाठपुरावा केला. दोघेही सप्तम, सप्तमेश किंवा लग्न यांना एकाच वेळी स्पर्श करत असतील तर काळ पक्का धरायचा.

इथे दोन ज्योतिषी दोन वेगळे तुकडे धरून बसले आहेत. पुण्याचे धरतात ती चंद्र-बुध. सप्तमेशाची स्वतःची अंतर्दशा, यापेक्षा सरळ काही नाही. जून 2027 मध्ये शनी मेषेत जाईल, तिथून तिसरी दृष्टी मिथुनेवर, सातवी तुळेतल्या बुधावर. त्याच महिन्याच्या शेवटी गुरू सिंहेत येईल, तिथून धनु लग्नावर आणि मेषेच्या चंद्रावर दृष्टी, शिवाय राशीपासून पाचवा, म्हणजे गुरुबळही. दशा, शनी, गुरू एका ओळीत. मी असतो तर हाच काळ आधी सांगितला असता.

मात्र सबलॉर्ड यांचा शनी मी मोडीत काढत नाही. रेवतीतला शनी बुधाचं काम करू शकतो. माझी अडचण त्यांच्या प्रत्यंतराशी आहे.

सबलॉर्ड

काय अडचण?

घटिकापळे

तुमचं प्रत्यंतर तीन महिन्यांचं. ही जन्मवेळ किती मिनिटांपर्यंत खरी आहे? त्या दिवशी चंद्र जलद होता, दिवसाला साडेचौदा अंशांच्या वर. दहा मिनिटांत तो सहा कला सरकतो. भरणीच्या 800 कलांना शुक्राची 20 वर्षं, म्हणजे सहा कलांना जवळजवळ 55 दिवस. जन्म प्रत्यक्षात 11.35 ला झाला असेल तर सगळ्या दशा दोन महिने अलीकडे येतात, 11.15 ला असेल तर दोन महिने पुढे. तीन महिन्यांच्या खिडकीला दोन महिन्यांची ढिलाई. आणि तुमचा कृष्णमूर्ती अयनांश लाहिरीपेक्षा साधारण सहा कलांनी कमी, म्हणजे तोही याच पत्रिकेत दशा तितकीच अलीकडे ओढतो. मग तुम्ही दिलेली तारीख कुठल्या अयनांशाची?

सबलॉर्ड

तारखा धागाकर्त्याच्या घेतल्या. लाहिरीच्या असाव्यात. मुद्दा मान्य, पण म्हणूनच आम्ही वेळ शुद्ध करून घेतो. आयुष्यातल्या झालेल्या घटना लावून बघायच्या.

शंकासुर

म्हणजे झालेल्या घटनांवरून वेळ दुरुस्त करायची आणि मग त्या वेळेने घटना बरोबर आल्या म्हणायचं. वा!

अण्णा_चिपळूण

मी पस्तीस वर्षं पंचांग उघडतो. ज्योतिषी नव्हे, पौरोहित्य करतो. तुम्ही सगळे दशा बघताय, कार्यालय कोण बघणार?

17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, 15 जूनपर्यंत. तोवर गुरू कर्केत गेलेला असेल. शुक्राचा अस्त सध्या चालू आहे, तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपेल. म्हणजे सप्तमातल्या गुरूचा लाभ घ्यायचा तर फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंतच मुहूर्त. आणि 2027 चं म्हणाल तर गुरू सिंहेत जूनअखेर ते 26 नोव्हेंबर. त्यातला बहुतेक काळ चातुर्मास. तुळशीच्या लग्नानंतर जेमतेम दोन आठवडे मिळतात. गंमत बघा, ज्या महिन्यांत दशा-गोचर म्हणतं 'होईल', त्या महिन्यांत आमच्याकडे मुहूर्तच नाही.

नीलाक्का

अण्णा, आणि तो सिंहस्थ पण ना? सिंहस्थात लग्न करत नाहीत. आमच्या सासूबाईंनी नणंदेचं वर्षभर थांबवलं होतं.

अण्णा_चिपळूण

नीलाताई, तो निषेध गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशाला. सातारा गोदावरीच्या दक्षिणेला. इकडे फक्त गुरू सिंह राशीत सिंह नवांशात असेल तेवढा काळ वर्ज्य. तुमच्या सासूबाई नाशिकच्या बाजूच्या असतील.

नीलाक्का

निफाडच्या. बरोबर ओळखलंत!

मधुरा_टोरांटो

आणि आम्ही दोन्ही नद्यांच्या बाहेर, म्हणजे आम्हाला कायम मोकळीक?

अण्णा_चिपळूण

शास्त्रकारांनी टोरांटोचा विचार केला नव्हता. माझ्या मते मोकळीक.

गारवा

मला एक कळत नाही. 'लग्नाचा काळ' म्हणजे नक्की काय? स्थळ कळतं तो दिवस, होकार, साखरपुडा की अक्षता? माझं ठरल्यापासून लग्नापर्यंत चौदा महिने गेले. मध्ये अंतर्दशा बदलली आणि गुरूही राशी ओलांडून गेला. दोन्ही बाजूंचे ज्योतिषी आजही आपलंच बरोबर आलं म्हणतात.

घटिकापळे

फार नेमका प्रश्न. यावर एकमत नाही. मी ठरण्याला, म्हणजे दोन्ही घरांच्या होकाराला, दशा-अंतर्दशा लावतो. अक्षतांचा दिवस अण्णा, कार्यालय आणि मुलाची रजा मिळून ठरवतात. काही जण उलट करतात. भाकीत करताना कोणती घटना सांगतोय हे आधी न सांगणं, हीच मोठी पळवाट आहे.

आणखी एक. याच पत्रिकेची मुलगी 1967 सालची असती तर मी चंद्र महादशेकडे फिरकलोही नसतो. जन्माची शुक्र महादशा साडेसतराव्या वर्षी संपते. तेव्हाच्या ज्योतिषाने तिच्या शेवटच्या तुकड्यात नाहीतर रवीच्या महादशेत लग्न सांगितलं असतं आणि ते झालंही असतं. मुली शिकायला, नोकरीला लागल्या तसे आम्ही पुढची अंतर्दशा धरायला लागलो. ग्रंथात याला देश-काल-पात्र म्हणतात. शंकासुर याला काय म्हणतील ते मला माहीत आहे.

शंकासुर

वय बघून अंदाज करणं म्हणतील. पण तुम्ही स्वतःच सांगितलंत म्हणून आज सोडतो. एकच मागणी: सबलॉर्ड आणि घटिकापळे, दोघांनी इथे लिहून द्या. घटना कोणती, कधीपासून कधीपर्यंत, आणि काय झालं नाही तर चूक मानाल.

सबलॉर्ड

घटना: होकार. 9 फेब्रुवारी ते 16 मे 2026.

घटिकापळे

घटना: होकार. फेब्रुवारी ते डिसेंबर 2027. या आधी झाला तर माझी निवड चुकली आणि सबलॉर्ड यांचा शनी बरोबर. 'नंतर झाला पण बीज आधीच पडलं होतं' असलं काही म्हणणार नाही.

खवचट_खेकडा

आणि मुलीला विचारलंय का कोणी?

सातारी_कंदी

तिला विचारलं तर ती म्हणते, आधी फ्लॅटचा ताबा, मग बाकीचं.

मंडळी, वरचं सगळं वाचून मी आज गुरुजींचा कागद काढून बघितला. मी वर दिलेल्या तारखा पुण्याच्या प्रिंटवरून घेतल्या होत्या. गुरुजींच्या कागदावर चंद्र-बुध डिसेंबर 2024 पासूनच सुरू झालेली दाखवली आहे! मी आजपर्यंत दोन्ही कागद शेजारी ठेवूनच पाहिले नव्हते. जन्मवेळ दोन्हीकडे 11.25 च आहे. मग हे दोन वर्षांचं अंतर कसलं?

घटिकापळे

कागदाच्या कोपऱ्यात अयनांश छापलेला असेल, बघा. बहुधा रामन असेल.

सातारी_कंदी

हो! बारीक अक्षरात 'रामन' आहे. पुण्याच्या कागदावर 'चित्रापक्ष'.

घटिकापळे

मिळालं. चित्रापक्ष म्हणजेच लाहिरी. रामन अयनांश त्यापेक्षा साधारण 1 अंश 27 कलांनी कमी. चंद्र तेवढा पुढे दिसतो, म्हणजे शुक्राची महादशा तेवढी जास्त भोगून झालेली धरली जाते. 87 कलांना दोन वर्षं दोन महिने. फेब्रुवारी 2027 मधून तेवढं वजा केलं की डिसेंबर 2024 येतं. चंद्र भरणीच्या पहिल्याच चरणात राहतो, लग्नही धनूच, म्हणून कुंडली बघून कोणालाच संशय येत नाही. फक्त दशेच्या तारखा पळतात.

म्हणजे तुमच्या गुरुजींचा तर्क आडवातिडवा नव्हता. त्यांच्या कागदानुसार सप्तमेश बुधाची अंतर्दशा चालू होती आणि मे 2025 पर्यंत वृषभेतला गुरू, राशीपासून दुसरा, गुरुबळ. म्हणून त्यांनी तो मे धरला. आताही त्यांच्या कागदावर बुध संपलेला नाही आणि गुरू सप्तमात आहे, म्हणून हा मे धरतायत. पुण्याच्यांचा नियमही तोच, सप्तमेशाची अंतर्दशा आणि गुरूचा आधार. फरक फक्त त्या बारीक अक्षरात आहे.

सबलॉर्ड

रामन अयनांश वापरणारेही चांगले ज्योतिषी आहेत. तो चूक, हा बरोबर असं ठरवणार कसं?

घटिकापळे

एका पत्रिकेवरून ठरत नाही. सरकारी राष्ट्रीय पंचांग लाहिरीवर चालतं, बहुतेक लोक तोच घेतात, मीही सवयीने घेतो. पण बहुमत हा पुरावा नव्हे. पत्रिका करून घेताना अयनांश विचारा आणि एकाचा कागद दुसऱ्यापुढे ठेवू नका, एवढं सांगू शकतो.

शंकासुर

म्हणजे एकाच मुलीचा सप्तमेश एका कागदावर 2024 ला जागा होतो आणि दुसऱ्यावर 2027 ला. मला आणखी काही बोलायची गरज उरली नाही.

नीलाक्का

बोलू नकाच. सातारी, वेळ 11.25 नक्की कुठून घेतलीस ते सांग.

सातारी_कंदी

आईच्या जुन्या डायरीतून. आजी म्हणते साडेअकराचा भोंगा झाला आणि मग रडली. दवाखाना केव्हाच बंद झाला. पालिकेच्या दाखल्यावर वेळ नाहीच.

सबलॉर्ड

भोंगा? मग 11.30 धरून माझं प्रत्यंतर महिनाभर अलीकडे येतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. वरची तारीख बदलू का?

शंकासुर

नाही!

गारवा

माझ्या भावाचाही असाच प्रश्न आहे. वृश्चिक लग्न, शुक्र अस्तंगत, राहूची महादशा संपत आली आहे. इथेच विचारू की नवा धागा काढू?

घटिकापळे

नवा काढा. अयनांश आणि वेळेचा उगम पहिल्या ओळीत लिहा.